टाचेवरचा फोड: फोडायचा की तसाच ठेवायचा?

*प्रश्न: नवीन बुटांनी टाचेच्या मागे अडीच सेंटिमीटरचा, पाण्याने टम्म भरलेला फोड आलाय. फोडू का? परवा 20 किलोमीटर चालायचंय.*

फोड लहान असता आणि दुखत नसता, तर हात लावू नका म्हटलं असतं. हा मोठा आहे, ताणलेला आहे आणि बुटाच्या काठाखाली येतो. चालताना तो वेडावाकडा फाटेल, त्यापेक्षा आधीच पाणी काढलेलं बरं. फक्त वरची कातडी सोलू नका. खालची कच्ची त्वचा झाकायला तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा आत रक्त साचलेलं दिसत असेल, तर मात्र घरी टोचू नका, डॉक्टरांना दाखवा.

साबणाने हात आणि टाच धुवा. नवी सुई स्पिरिटने पुसून वाळू द्या. ज्योतीवर धरली तर काजळी लागते, तीच आत जाते. फोडाच्या खालच्या कडेला दोन-तीन ठिकाणी आडवं टोचा, मधोमध नको. स्वच्छ गॉझने हळू दाबून पाणी काढा. पुन्हा भरला तर त्याच पद्धतीने पुन्हा रिकामा करा.

कातडी शाबूत असेल तर वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, न चिकटणारं गॉझ आणि टेप पुरे. कातडी निघून गेली असेल तर हायड्रोकोलॉइड पट्टी, म्हणजे ओलावा शोषून जेलसारखी होणारी चिकट पट्टी, लावा. ती फोडाच्या चारही बाजूंनी किमान एक-दोन सेंटिमीटर कोरड्या त्वचेवर बसायला हवी, नाहीतर मोज्याला घासून कडा गुंडाळते. आत पांढरट फुगवटा दिसला की पू झाला असं वाटतं, पण तो बहुतेक वेळा पट्टीने शोषलेला ओलावा असतो. पट्टी आपोआप सुटू लागेपर्यंत काढू नका, ओढून काढलीत तर नवी त्वचाही सोबत येईल. लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल किंवा ताप आला तर पट्टी बंद, आधी डॉक्टर.

आता परवाचं. त्या बुटांनी जाऊ नका, जुने घाला. नवेच घालावे लागले तर आधी टाच वर सरकते का पाहा, कारण फोड नुसत्या घासण्याने होत नाही. हाड पुढे-मागे हलतं, वरची त्वचा बुटाला चिकटून राहते आणि मधले थर ताणून फाटतात. म्हणून नाडी सर्वात वरच्या जादा भोकातून त्याच बाजूला ओवून छोटा फास करा, समोरची नाडी त्यातून घेऊन खेचा. टाच जागेवर बसते. बोटं मात्र आवळली जाऊ नयेत.

दुसऱ्या टाचेला निघण्यापूर्वीच, कोरड्या त्वचेवर, सुरकुती न पडू देता कागदी टेप लावा. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात. एक कोरडा जोड सोबत असू द्या. वाटेत कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबून टेप लावा. 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणण्यातच बहुतेक फोड तयार होतात.