सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांना बस, दवाखाना आणि सरकारी कचेरीत कोणत्या सवलती मिळतात?

प्रश्न: माझे वडील ७६ वर्षांचे आणि आई ६८ वर्षांची आहे. आम्ही सोलापुरात राहतो. दोघांना बसमध्ये, दवाखान्यात आणि सरकारी कामांत काय सवलत मिळते? त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते का?

उत्तर: मी आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात अर्ज भरून देण्याचे काम करतो आणि तेथे हाच गोंधळ रोज पाहतो. सर्व सवलती देणारे एकच कार्ड नाही. प्रत्येक योजनेची वयोमर्यादा वेगळी आहे आणि बहुतेक ठिकाणी आधारवरील जन्मतारीखच पाहिली जाते. म्हणून आधी दोघांच्या आधारवरील तारीख तपासावी. ती चुकीची असेल तर आधार केंद्रावर पुराव्यासह दुरुस्त करून घ्यावी, मात्र जन्मतारीख बदलण्याची संधी साधारणपणे एकदाच मिळते, त्यामुळे योग्य कागद हाती आल्याशिवाय घाई करू नये.

एसटीमध्ये ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आहे आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत मोफत प्रवास आहे. वडिलांनी आधार, मतदार ओळखपत्र किंवा वयाचा उल्लेख असलेले दुसरे शासकीय ओळखपत्र वाहकाला दाखवले की पुरे. वाहक त्यांना शून्य रकमेचे तिकीट देतो आणि ते आग्रहाने मागून घ्यावे, कारण मोफत असला तरी तो तिकिटाचाच प्रवास आहे आणि तपासनीस चढल्यास तेच दाखवावे लागते. आईला महिला सन्मान योजनेमुळे मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहेच. त्यावर ज्येष्ठत्वाची आणखी सूट मिळत नाही. आगाऊ आरक्षण केल्यास भाडे माफ असले तरी आरक्षण शुल्क भरावे लागते.

सोलापूरकरांची खरी फसगत होते ती सीमेवर. मोफत प्रवास महाराष्ट्राच्या हद्दीपुरताच आहे. वडील एसटीने तुळजापूर, पंढरपूर किंवा अक्कलकोटला गेले तर एक रुपयाही लागणार नाही. पण गाणगापूरला निघाले तर हद्दीपलीकडच्या टप्प्याचे भाडे द्यावे लागेल. आपल्या स्थानकावरून कर्नाटकच्या गाड्याही सुटतात. अक्कलकोट महाराष्ट्रात असले तरी कर्नाटकच्या गाडीत बसून तेथे जाताना आपल्या राज्याची योजना चालत नाही. म्हणून चढण्यापूर्वी गाडी कोणत्या महामंडळाची आहे, हे पाटीवर पाहून घ्यावे. अमृत योजना शहर बससेवेलाही लागू नाही. महापालिकेची शहर बस हा वेगळा उपक्रम असल्याने तेथील सवलत परिवहन विभागातच विचारावी.

दवाखान्याच्या बाबतीत वडिलांचे आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढून ठेवावे, असे मी कळकळीने सांगेन. हे कार्ड ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न लावता मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. आयुष्मान ॲपवर किंवा beneficiary.nha.gov.in येथे आधारने ओळख पटवून ते काढता येते. वृद्धांच्या बोटांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत. मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला असेल तर ओटीपीने काम होते, म्हणून ती जोडणी आधी करून घ्यावी. वडिलांना केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल, तर ती आणि ही यांतील एकच निवडावी लागते.

या कार्डाची मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. नुसती तपासणी आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या यांत येत नाहीत. रुग्णालय योजनेतील असावे लागते आणि दाखल होतानाच तेथे योजनेच्या कामासाठी नेमलेल्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवावे लागते. बिल आधी भरून नंतर परतावा मागता येईल, असे समजून चालू नये. आईला ७० वर्षे पूर्ण होईपर्यंत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यासाठी शिधापत्रिका आणि आधारवरील नाव जुळते का, ते आताच पाहावे.

सरकारी कामांबद्दल सांगायचे तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ६० वर्षांवरील व्यक्तीला ज्येष्ठ मानले आहे, आणि रुग्णालयांत त्यांच्यासाठी वेगळी रांग ठेवण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. खिडकीवर शांतपणे तेवढे सांगितले तरी बहुधा वाट मिळते. बँकांनी ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितले आहे. त्यासाठी शाखा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. काही अडले तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे. वडिलांच्या फोनमध्ये तो क्रमांक त्यांना दिसेल अशा ठळक नावाने जतन करून ठेवावा.