सायन्स पटणारा डिझास्टर पिक्चर हवाय? मग ‘द वेव्ह’ बघ

सुरुवात २०१५च्या नॉर्वेजियन ‘द वेव्ह’नेच कर. डोंगराचा कडा फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या अरुंद पट्ट्यात कोसळतो, लाट उठते आणि गाइरांगर गावाकडे फक्त दहा मिनिटं असतात, बस्स एवढीच स्टोरी, पण ओकर्नेस नावाचा तो डोंगर खरंच आहे, त्याची भेग दरवर्षी काही सेंटीमीटर रुंदावते आणि तिच्यावर चोवीस तास नजर असते. १९३४ला जवळच्याच टाफ्योर्डला असंच झालेलं, ४० माणसं गेली.

बघताना भेगेतल्या सेन्सरवर लक्ष ठेव, खरं टेन्शन तिथंच आहे (लाट तर ट्रेलरमध्येही दिसते). आकडे बदलतात आणि ऑफिसातले लोक ठरवत बसतात की हा मशीनचा बिघाड की डोंगर सरकतोय, कारण उगाच भोंगा वाजवला तर पुढच्या वेळी कोण पळणार?

एक गोष्ट मात्र सिनेमासाठी ताणलीय. एवढा मोठा कडा सहसा एकदम सुटत नाही, आधी सरकण्याचा वेग वाढत जातो, म्हणून खऱ्या यंत्रणेचा भर गाव आधीच रिकामं करण्यावर असतो. पण दहा मिनिटांचा हिशोब खोटा नाही, कडा पाण्यात पडल्यावर तेवढाच वेळ उरतो. शेवटचा अर्धा तास जरा फिल्मी आहे, चालवून घे.