"तुम्ही अजून केलं नाही ना?" असं कोणी विचारलं की उत्तर 'हो' द्यायचं की 'नाही'? मी काहीही बोललो तरी समोरचा उलटंच समजतो

दोन्ही बरोबर आहेत आणि घोळ तिथेच आहे. आपलं 'हो' दोन कामं करतं: कधी ते "तू म्हणतोस ते खरंय" असं सांगतं, तर कधी "ते काम झालंय" असं. प्रश्न सरळ असला की दोन्हीचा अर्थ एकच निघतो, पण प्रश्नात 'नाही' आलं की दोन्ही विरुद्ध दिशेला जातात.

मी काही वर्षं फोनवर हेल्पडेस्कला होतो. एकदा एकांना विचारलं, "पासवर्ड बदलला नाहीये ना तुम्ही?" ते म्हणाले "हो". मी धरलं, नाही बदलला. मग खात्री म्हणून परत विचारलं, "म्हणजे जुनाच आहे, बदललेला नाही?" परत "हो हो". पाऊण तास जुन्या पासवर्डवर डोकं फोडल्यावर ते वैतागून म्हणाले, "अहो, कालच बदललाय की!" चूक माझीच होती, कारण खात्री करायला मी तोच नकारार्थी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, मग त्याचं 'हो' पण पहिल्याइतकंच अधांतरी.

जपानीत 'हाइ' म्हणजे "तुमचं बरोबर", त्यामुळे काम झालेलं नसेल तरी 'हाइ'च. इंग्रजीत 'येस' सहसा होकारार्थी वाक्यालाच चिकटतं, म्हणून काम झालं नसेल तर 'नो'. फ्रेंच आणि जर्मनमध्ये तर समोरच्याचं 'नाही' खोडायला वेगळे शब्दच आहेत, 'सी' आणि 'डोख'. मराठीत तसा शब्द नाही, पण ते काम आपला 'की' करतो: "केलं की!" असं म्हटलं की कोणाचाच गैरसमज होत नाही. तेव्हा नुसतं हो-नाही सोडा आणि क्रियापदासकट बोला, "केलंय" किंवा "नाही केलं अजून".

विचारणारे तुम्ही असाल तर प्रश्नच असा करा की 'हो' हे उत्तर बसणारच नाही. "पासवर्ड जुनाच आहे की नवीन टाकलाय?" मी नंतर असंच विचारायला लागलो. तरी काही जण यावर पण "हो" म्हणतात 😄 तेव्हा समजायचं की प्रश्न नीट ऐकलाच नाहीये.

आणि हे बोलण्यापुरतंच नाही बरं का. 1992 मध्ये अमेरिकेत रोपर संस्थेच्या सर्व्हेत विचारलं होतं की नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड घडलंच नाही हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य वाटतं. 'घडलंच नाही' आणि वर 'अशक्य', डबल नकार! सुमारे 22 टक्के लोक 'शक्य' म्हणाले आणि मोठी खळबळ उडाली. 1994 मध्ये तोच प्रश्न सरळ शब्दांत विचारला, तेव्हा तो आकडा 1 टक्क्याच्या आसपास आला.