पेस्ट दिसली म्हणून लगेच चोरी ठरवू नकोस

नाशिकरोडच्या ज्या मुलीवर तुला नकलेचा संशय आहे, तिच्या निबंधाची टायपिंगची नोंद पाहिली, म्हणजे काय टाईप केलं आणि काय पेस्ट केलं ते दाखवणारी. एकाच पेस्टमध्ये ५४० शब्द, पुढे जेमतेम चार मिनिटं टायपिंग. यातून मजकूर बाहेरून आला एवढंच कळतं, तो कुणी लिहिला हे नाही. आपली कितीतरी मुलं मोबाईलवर बोलून मराठी टाईप करतात आणि मग निबंधाच्या पानावर चिकटवतात. तिने आधी गूगल डॉकमध्ये लिहिलं असेल तर ते मूळ डॉक माग, त्याचा आवृत्ती इतिहास उघड. वाक्यं खोडलेली, परिच्छेद हलवलेले दिसतात का, ते बघ. आणि हो, एकही पेस्ट नसलेली नोंदसुद्धा फसवते. न अडखळता, मागे न जाता सलग टाईप झालेला मजकूर कुठूनतरी बघून उतरवलेला असू शकतो. तिच्याशी बोलल्याशिवाय शेरा मारू नकोस.