मैत्रिणीच्या लग्नाचं कॅप्शन

*ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीचं पुढच्या महिन्यात साताऱ्यात लग्न आहे. तिची आणि होणाऱ्या नवऱ्याची ओळख मीच करून दिली होती. तिच्या सासरच्या बऱ्याच मंडळींना मात्र हे लग्न पत्रिका बघून ठरलंय असंच माहीत आहे. इन्स्टाग्रामवर टाकायला मी आधीच लिहून ठेवलंय: “आठ वर्षांपूर्वी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मी या दोघांची ओळख करून दिली आणि आज माझी वेडी कुणाची तरी बायको होतेय! हिरव्या शालूत काय दिसतेस! माझं तुझ्याशिवाय कसं होणार? बर्लिनला जाऊन मला विसरू नकोस.” शालू अजून नवऱ्या मुलाने पाहिलेला नाही आणि बर्लिनचं ते दोघं रिसेप्शनला सांगणार आहेत. माझी बहीण हे वाचून म्हणाली, “लग्न तिचं आहे की तुझं?” तेव्हापासून काही सुचत नाहीये. काय लिहू आणि कधी टाकू? — एक मैत्रीण, पुणे*

प्रिय मैत्रिणी,

बहिणीचं बोलणं लागलं असेल, पण तिने नेमकं बोट ठेवलंय. तुझ्या मजकुरात मी, माझी, माझं, मला असं सगळं आहे आणि नवरदेव ‘कुणाची तरी’ या दोन शब्दांत आटोपलाय. त्याच्या आईने हे वाचलं तर तिला काय वाटेल? तुझा हेतू वाईट नाही, हे मला दिसतंय. मैत्रीण लांब जाणार म्हणून तुझा जीव तुटतोय आणि ते सगळं या चार वाक्यांत उतरलंय. पण ते तिला एकटीला सांगायचं आहे, चारचौघांत नाही. त्यासाठी तिला कागदावर पत्र लिही, हवं तेवढं लांब, ‘वेडी’सकट. लग्नाच्या धावपळीत देऊ नकोस. सत्यनारायण वगैरे उरकून ती निवांत झाली की दे.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तुला काळजी शालूची आणि बर्लिनची आहे, पण मला भीती वाटते ती ‘आठ वर्षांपूर्वी’ची. शालू दोन तासांनी सगळ्यांना दिसणारच आहे. पण सासरी पत्रिका बघून ठरल्याचं सांगितलंय आणि तुझ्या पहिल्याच ओळीत कॅन्टीन आहे. एखाद्या आत्याने ते वाचलं की पंगतीत कुजबुज सुरू होणार आणि उत्तरं द्यावी लागणार नव्या नवरीला, तीही पहिल्याच दिवशी. कॅप्शन मागाहून बदलता येतं, पण तोवर स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेला असतो. स्टोरी ‘Close Friends’पुरती ठेवली तरी भरवसा नको, कारण त्या यादीत नवऱ्या मुलाची एखादी चुलतबहीण निघतेच. त्या दोघांनी आपली गोष्ट कुठून सुरू झाली म्हणून सांगितलंय, तिथूनच तूही सुरू कर. कॉलेजचं नाव नको, वर्षं नकोत, ‘शेवटी एकदाचं झालं’सुद्धा नको, कारण त्यातूनही माणसं हिशोब लावतात. जुन्या ट्रिपचा फोटो तर मुळीच नको. ओळख कुणी करून दिली हे उद्या त्यांनी स्वतःहून लिहिलं, तर त्याखाली मनापासून एक ओळ लिही. तो मान त्यांनी दिलेला असेल, म्हणून तो तुला शोभेल.

शालूचं म्हणशील तर अंतरपाट दूर होईपर्यंत नवरीचा एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नकोस, मेकअप चाललेला असतानाची स्टोरीसुद्धा नाही. तेव्हा नवरदेव मित्रांच्या गराड्यात खोलीत बसलेला असतो आणि त्यातल्या निम्म्या जणांचा डोळा फोनवरच असतो. हळदीचे, ओल्या कपड्यांतले फोटोही तिला विचारल्याशिवाय टाकू नकोस. कार्यालयाचं लोकेशन त्याच दिवशी जोडू नये असं मला वाटतं, कारण घरची सगळी माणसं लग्नात आणि घराला कुलूप, हे जगाला कळवायची गरज नाही.

पोस्ट कधी टाकायची, तर त्या दोघांचा लग्नाचा पहिला फोटो त्यांच्या स्वतःच्या अकाउंटवर दिसल्यावर. फोटोग्राफरचा अल्बम यायला कधी कधी महिना जातो, तेवढं थांबायला मी सांगत नाही. पण त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी कुणी मोबाइलवरचा एखादा फोटो टाकेलच. मैत्रिणीला लग्नाच्या दिवशी यासाठी छळू नकोस. तिच्या करवलीला आधीच फोन करून ठेव, “दोघांचा फोटो पडला की मला एक मेसेज कर” एवढंच सांग. पोस्टमध्ये मैत्रिणीला टॅग कर, पण ‘Collab’चं आमंत्रण पाठवू नकोस. ते स्वीकारलं की तुझी पोस्ट तिच्या प्रोफाइलवर दिसू लागते, आणि नाही म्हणायला तिला जड जाईल.

राहता राहिला मजकूर. तो आज लिहून ठेवू नकोस, हे माझं ठाम मत आहे. महिनाभर आधी लिहिलेल्या कॅप्शनमध्ये आपल्याच आठवणी येतात, कारण लग्नातलं काही अजून घडलेलंच नसतं. त्या दिवशी मांडवात उभी राहा, फोन पर्समध्ये ठेव आणि दोघांकडे बघ. काहीतरी लहानसं दिसेलच. समज, कानपिळीला तिच्या भावाने नवरदेवाचा कान धरला आणि तो ओरडायच्या आत हीच “हळू रे!” म्हणाली. मग तेवढंच लिही:

“कानपिळीला कान त्याचा धरला होता, ‘हळू रे’ ती म्हणाली. दोघांना सुखाच्या संसारासाठी खूप खूप शुभेच्छा!”

यात तू कुठेच नाहीस आणि तरी ते तूच लिहू शकतेस, कारण इतक्या जवळून बघणारी तूच होतीस. दोघंही त्यात आहेत, हे महत्त्वाचं. नवरीच्या मैत्रिणी बहुतेक वेळा “काय दिसतेस!” एवढंच लिहितात आणि नवरदेव फोटोच्या कडेला राहून जातो. तसं नको. लांबीचं म्हणशील तर फीडमध्ये पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, पुढचं ‘more’ दाबल्यावर उघडतं, म्हणून प्रसंग आणि शुभेच्छा तेवढ्यातच बसव. आणि जे डोळ्यांनी पाहिलंस तेच लिही. कानपिळी झालीच नाही तर घास भरवताना बघ, सप्तपदीत त्याने तिचा पदर सावरला का ते बघ. हॅशटॅग त्यांनी ठरवला असेल तर तोच वापर, नवा काढू नकोस.

फोटो निवडताना पहिला त्या दोघांचा असू दे. तू, ती आणि कॉलेजचा सगळा कंपू असलेला फोटो सरकवल्यावर दिसू दे, दुसरा नाहीतर तिसरा. त्यातही तिचे डोळे मिटलेले नाहीत ना, मुंडावळ्या सरळ आहेत ना, हे आधी बघ, मग स्वतःकडे बघ.

बर्लिनबद्दल मात्र रिसेप्शनला त्यांनी सांगून झाल्यावरही लगेच लिहू नकोस. जे रिसेप्शनला येऊ शकले नाहीत त्यांना, विशेषतः दोन्हीकडच्या आजी-आजोबांना, ते फोन करून सांगणार असतील. ते फोन झाले की नाही हे मैत्रिणीला विचार आणि ती हो म्हणाली की मग खुशाल लिही.

तुझी ताई