नोकरी सुटली, खुलासे सुटले नाहीत

प्रश्न: साहेबांच्या त्रासाला कंटाळून नोकरी बदलली. नवीन ठिकाणी सगळे चांगले आहेत, तरी साधा मेल पाठवतानाही धडधडतं आणि घरी बायकोने काही विचारलं की चिडतो. हे कधी जाईल?

उत्तर: मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला होतो. आमचे साहेब ओरडत नसत. मीटिंगमध्ये माझा मेल मोठ्याने वाचायचे आणि "कुणाला काही कळलं का?" म्हणत बाकीच्यांकडे बघायचे. तोंडी काम सांगून नंतर "मी असं कधी म्हणालो?" विचारायचे. म्हणून मी प्रत्येक गोष्टीचा पुरावा ठेवायला लागलो, कुणी विचारायच्या आधीच खुलासा द्यायला लागलो. तिथे तेच शहाणपणाचं होतं.

नोकरी सोडल्यावरही ते चालूच राहिलं. बायकोने "गॅसचा नंबर लावलास का?" विचारलं की मी मोबाइल काढून बुकिंगचा मेसेज दाखवायचो, वर उशीर का झाला तेही सांगायचो. "अरे, नुसतं विचारलं!" ती म्हणायची. बाहेर कुठे जेवायचं हेसुद्धा मी ठरवेनासा झालो. सगळे निर्णय तिच्यावर पडले, ती वैतागली, आणि तिच्या वैतागात मला साहेब ऐकू यायचे.

समुपदेशक बाईंनी यामागची मेख दाखवली. मेल पाचदा वाचला आणि काही बिघडलं नाही, की मनाला वाटतं पाचदा वाचला म्हणूनच निभावलं. भीती खोटी ठरायला संधीच मिळत नाही. म्हणून त्यांनी बिनमहत्त्वाचा एखादा मेल एकदाच वाचून पाठवायला लावला. पाठवण्याआधी वहीत लिहायचं: काय होईल, आणि किती टक्के खात्री. मी लिहिलं, "सगळ्यांसमोर विचारतील, 80 टक्के." संध्याकाळी त्याखाली जे घडलं ते लिहायचं. उत्तर आलं होतं, "ओके." पुढे एकदा फाइल जोडायची खरंच राहिली. सहकाऱ्याने "फाइल दिसत नाही" एवढंच कळवलं, मी पाठवली, विषय संपला. दहा "ओके"पेक्षा त्या एका नोंदीचा मला जास्त उपयोग झाला. जीएसटी रिटर्न किंवा पेमेंटवर मात्र हा प्रयोग करू नका, तिथे तपासणं हेच काम असतं.

घरी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. तिच्या प्रश्नाला मी एका वाक्यात उत्तर द्यायचं, पुरावा नाही. आणि मी "बरोबर केलं ना?" विचारलं की तिने "हो रे" न म्हणता "तुला काय वाटतं?" म्हणायचं. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटलं. पण तुम्ही असं काही कराल तर ही सवय जुन्या नोकरीतून आली आहे हे बायकोला आधी सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या चिडण्याचं कारण ती स्वतःत शोधत बसेल.

झोप उडाली असेल, तीच स्वप्नं पडत असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

कधी जाईल म्हणाल, तर माझं मेलचं आधी सुटलं, घरचं बऱ्याच उशिरा. "जरा केबिनमध्ये या" असा मेसेज आला की पोटात अजून गोळा येतो. आता मी "कशाबद्दल?" असं विचारतो आणि मग जातो.