अवयवदान आणि धर्म: तक्त्याच्या आधी तीन प्रश्न वेगळे करा

> "एमएस्सी नर्सिंगच्या बायोएथिक्स सेमिनारला 'अवयवदान आणि धर्म' विषय आलाय. मॅडमना एका पानाचा तक्ता हवाय. हिंदू: चालतं, मुस्लिम: मतभेद, ज्यू: चालत नाही, असं लिहिलं तर पुरेल का?"

नाही पुरणार. मी बरीच वर्षं प्रत्यारोपण समन्वयक म्हणून आयसीयूबाहेर नातेवाइकांशी बोलत आले आहे, आणि असाच एक तक्ता आमच्याही हातात दिला होता. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही, त्यामुळे मजकूर एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या.

त्या तक्त्यात तीन वेगळे प्रश्न एकाच रकान्यात कोंबलेले असतात. मृतदेहावर शस्त्र चालवणं चालतं का? माणूस नक्की मेला कधी? आणि देह अंत्यविधीला वेळेवर मिळेल का? बहुतेक धर्मांत पहिला प्रश्न सुटलेला आहे. खरा वाद दुसऱ्यावर आहे, म्हणून सेमिनारचा निम्मा वेळ त्यालाच द्या.

त्यासाठी ज्यू धर्माचं उदाहरण घ्या. 'चालत नाही' हे तर साफ चूक आहे. मृतदेहाची विटंबना करू नये आणि दफन लांबवू नये, हे त्यांच्याकडे कडक नियम आहेत. पण जीव वाचवण्यासाठी ते बाजूला ठेवता येतात. अडतं ते मेंदूमृत्यूवर. तालमूदच्या 'योमा' प्रकरणात (८५अ) ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाची चर्चा आहे: जिवंत आहे का हे ठरवायला कुठपर्यंत उकरून पाहायचं? एक मत आहे, नाकापर्यंत, म्हणजे श्वास पाहायचा. यावरूनच काही रब्बी म्हणतात, मेंदूचा देठ मेला, श्वास कायमचा गेला, म्हणजे मृत्यू झाला. रब्बी एल्याशिव यांच्यासारख्यांचं म्हणणं वेगळं: हृदय चालू आहे तोवर तो जिवंतच, आणि त्याचं हृदय काढणं म्हणजे हत्या.

आता आपली ॲप्निया टेस्ट आठवा. व्हेंटिलेटर काढतो, ऑक्सिजन चालू ठेवतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमीपर्यंत चढू देतो आणि छाती हलते का ते बघत उभे राहतो. तीही श्वासाचीच तपासणी आहे. इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने १९८६ मध्ये अटींसह मेंदूमृत्यू मान्य केला, आणि २००८ च्या कायद्याच्या नावातच मेंदूबरोबर श्वसनही आलं. रुग्णाच्या श्रद्धेला हा निकष मान्य नसेल, तर हृदय थांबेपर्यंत व्हेंटिलेटर काढायचा नाही, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणजे एकाच धर्मात, एकाच देशात दोन मतं आहेत. ती एका रकान्यात कशी बसवणार?

मुस्लिमांबाबत नुसतं 'मतभेद' लिहून सोडू नका. मृताचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखं, या हदीसचा आधार विरोधक घेतात. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानला मेंदूमृत्यू आणि १९८८ मध्ये जेद्दाहला अटींसह प्रत्यारोपण मान्य केलं. तरी स्थानिक मुफ्ती काय सांगतात, यावरच घरचे ठरवतात.

आता तिसरा प्रश्न. तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. अपघाताची केस होती, कुटुंब मुस्लिम. मुलाच्या वडिलांनी मला एकच विचारलं होतं, "मॅडम, दफन आजच होईल ना?" मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तास जावे लागतात, तेही त्यांनी धीराने काढले. पण शवविच्छेदनाचे कागद ज्या कार्यालयातून यायचे, तिथे साहेब सकाळी येतील, एवढंच उत्तर. वडिलांनी सही केली नाही. नोंद झाली 'धार्मिक कारणास्तव नकार'. धर्माने नकार दिलाच नव्हता हो! अजूनही संताप येतो, आणि म्हणूनच 'धार्मिक नकारा'चे आकडे मी डोळे झाकून मानत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली आहे आणि अवयवदानाच्या केसला प्राधान्य आहे. खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेल्या केसेस सहसा यात येत नाहीत. हे सेमिनारमध्ये जरूर सांगा.

हिंदूंचं थोडक्यात. एक अधिकृत पीठ नाही, त्यामुळे दधीचींची गोष्ट सांगितली की सगळे हो म्हणतात, आणि आयसीयूबाहेर आजी विचारते, डोळे काढले तर पुढच्या जन्मी? तिला पुराण सांगत बसू नका. बऱ्याचदा अवयवदान आणि देहदान यांत गोंधळ झालेला असतो. देहदानात देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो. अवयवदानात तो शिवून घरच्यांना परत मिळतो, दहन नेहमीसारखं होतं.

आणि नेत्रदानाची स्लाइड वेगळीच ठेवा. ते हृदय थांबल्यावर साधारण सहा तासांत करता येतं, मेंदूमृत्यूचा प्रश्नच येत नाही. हृदय द्यायला ठाम नकार देणारी घरं डोळ्यांना हो म्हणतात, हे मी वारंवार पाहिलंय.